घर सोडताना : निरोपाचा एक छोटा विधी

घर बदलणाऱ्या माणसाला त्या दिवसांत दुःख करण्यास सवड नसते. सामानाची बांधाबांध, दूधवाल्याचा आणि वाण्याचा हिशेब, विजेच्या मीटरचे शेवटचे वाचन, ट्रकची वाट पाहणे, किल्ली परत करणे, ह्या साऱ्या गडबडीत तो वास्तूबाहेर पडतो, आणि आपण बाहेर पडलो हेही त्याच्या पुरतेपणी ध्यानात येत नाही. पुढे पंधरावीस दिवसांनी, नव्या घरातील भांडी फळीवर लागल्यावर, एखाद्या संध्याकाळी त्याला कारण न सांगता येणारी उदासी घेरते. सोडलेल्या घरापेक्षा नवे घर पुष्कळदा मोठे आणि सोयीचे असते. त्यामुळे हे दुःख बोलून दाखविण्याचीही त्याला लाज वाटते.

वस्तुतः त्यात लाजण्यासारखे काही नाही. अमेरिकेतील बॉस्टन शहरात वेस्ट एंड नावाची श्रमिकांची एक दाट वस्ती होती. नगरसुधारणेच्या योजनेखाली ती १९५८ नंतर पाडण्यात आली आणि तेथील कुटुंबे अन्यत्र विखुरली गेली. मार्क फ्रीड ह्या मानसशास्त्रज्ञाने ह्या विस्थापितांचा अभ्यास करून १९६३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवळजवळ निम्म्या स्त्रियांमध्ये आणि त्याहून थोड्या कमी पुरुषांमध्ये त्याला तीव्र शोकाची लक्षणे आढळली. हा शोक एखाद्या आप्ताच्या मृत्यूनंतर होणाऱ्या शोकासारखाच होता, आणि काहींच्या बाबतीत तो दोन वर्षांनंतरही ओसरला नव्हता. ह्या लोकांना सक्तीने घरे सोडावी लागली, हे खरे. पण राजीखुशीने घर सोडणाऱ्याचीही जात हीच असते; फरक असतो तो प्रमाणाचा.

माणूस गेला की त्याच्यासाठी दिवस असतात, विधी असतात, शेजारी येऊन बसतात. घर किंवा नोकरी सुटली तर ह्यांतले काहीच नसते. प्रवेशाला वास्तुशांत आहे, निर्गमनाला काही नाही. उलट आपली भाषाच शेवटाचा उच्चार टाळण्याकडे वळलेली आहे. निघताना ‘जातो’ म्हणावयाचे नाही, ‘येतो’ म्हणावयाचे. दुकान बंद करीत नाहीत, ते ‘वाढवतात’. नारळ फोडीत नाहीत, तोही वाढवतात. ह्या संकेतात माया आहे, शुभेच्छा आहे. परंतु जेथे खरोखरच परत यावयाचे नसते तेथे ‘येतो’ म्हणून बाहेर पडणाऱ्याचे मन काही अंशी उंबरठ्याच्या आतच राहून जाते.

शेवट कसा करावा हे आपल्या परंपरेला ठाऊक नव्हते असे मात्र नाही. गणपतीचे विसर्जन बारकाईने पाहावे. प्रथम उत्तरपूजा होते. मूर्तीवर अक्षता वाहून तिला जागेवरून किंचित हलवितात. बोटभर हलविलेली ती मूर्ती दिसावयास तीच असते, पण घरातील सर्वांच्या दृष्टीने तिचे स्थान त्या क्षणी सुटलेले असते. मग हातावर दही ठेवून तिला घराबाहेर नेतात, पाण्याच्या काठी पुन्हा आरती होते, आणि मूर्ती पाण्यात सोडली जाते. परतताना पाट रिकामा आणीत नाहीत. त्यावर थोडी वाळू किंवा माती घेऊन येतात. शेवट झाल्याचे स्पष्ट चिन्ह, हाताने केलेली एक न परतणारी कृती, आणि परत आणलेला एक लहानसा अंश, अशा ह्या तीन गोष्टी आहेत. विसर्जनाच्या दिवशी मुले रडतात. पण महिनाभर उदास राहिलेले मूल सहसा आढळत नाही.

आर्नोल्ड व्हॅन जेनेप ह्या अभ्यासकाने १९०९ साली फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात निरनिराळ्या समाजांतील अशा संक्रमणविधींची तुलना केली. एका अवस्थेतून दुसरीत जाताना तीन टप्पे असतात असे त्याने दाखविले : जुन्यापासून विलग होणे, काही काळ उंबरठ्यावर असणे, आणि नव्यात सामावले जाणे. घर बदलणारा आधुनिक माणूस पहिला टप्पा ट्रकवर सोपवून एकदम तिसऱ्यावर उडी मारू पाहतो. मधला उंबरठा त्याला लागतच नाही. म्हणून तो नंतर, अवेळी, लागतो.

आता प्रश्न असा की परंपरेने न दिलेला, आपणच योजलेला एखादा छोटा विधी उपयोगी पडेल काय? श्रद्धेचे आणि पिढ्यांचे पाठबळ नसेल तर तो पोकळ अभिनय ठरणार नाही काय? ही शंका रास्त आहे, आणि तिचा प्रयोगाने शोध घेण्यात आलेला आहे. मायकेल नॉर्टन आणि फ्रान्चेस्का जीनो ह्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात काही लोकांना एकत्र बसवून दोनशे डॉलरांची सोडत काढली. एकाला रक्कम मिळाली आणि तो उठून गेला. बाकीचे हिरमुसून बसले. त्यांतील निम्म्यांना आपल्या मनःस्थितीचे केवळ चित्र काढावयास सांगितले. उरलेल्यांनी चित्र काढले, त्यावर चिमूटभर मीठ टाकले, कागद फाडला, आणि मनातल्या मनात दहापर्यंत पाच वेळा आकडे मोजले. ह्या विधीला कोणत्याही धर्माचा आधार नव्हता; तो संशोधकांनी टेबलावर बसून रचलेला होता. तरीही तो करणाऱ्यांचे दुःख दुसऱ्या गटापेक्षा कमी भरले. अशा गोष्टींवर आपला विश्वास नाही असे सांगणाऱ्यांनाही त्याचा लाभ झाला. संशोधकांच्या मते ह्याचे कारण असे की, हानीमुळे परिस्थिती आपल्या हातून निसटल्यासारखी वाटते, आणि ठरविलेली कृती ठरविल्याप्रमाणे पार पाडल्याने ती पुन्हा काहीशी हाती आल्यासारखी वाटते.

त्याच अभ्यासात लोकांनी आप्तांच्या मृत्यूनंतर किंवा प्रेमभंगानंतर आपण कोणते विधी केले ह्याचीही वर्णने लिहिली होती. त्यांतील बहुतेक विधी खाजगी होते. चारचौघांत केलेले किंवा धार्मिक स्वरूपाचे विधी अगदी थोडे निघाले. माणसे एकांतात, स्वतःच्या मनाने, काही तरी करीतच असतात. फक्त त्याला विधी म्हणत नाहीत.

दुसरा एक प्रयोग आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. शिऊपिंग ली, लियुआन वेई आणि दिलीप सोमण ह्यांनी तो २०१० साली प्रसिद्ध केला. लोकांना पश्चात्ताप वाटणारा एखादा निर्णय कागदावर लिहावयास सांगण्यात आले. काहींनी कागद तसाच दिला, काहींनी तो लिफाफ्यात घालून दिला. ज्यांनी तो लिफाफ्यात घातला त्यांची खंत कमी झाली. पण लिफाफ्यात भलताच, त्या प्रसंगाशी संबंध नसलेला कागद घातला तर मात्र काही फरक पडला नाही. ह्यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. हाताने केलेली कृती कोणतीही चालेल, पण ती ज्या वस्तूवर करावयाची त्या वस्तूत संपणारी गोष्ट उतरलेली असली पाहिजे. कोरा कागद जाळून काही साधत नाही.

ह्या प्रयोगांना मर्यादा आहेत. सोडतीत हुकलेले पैसे म्हणजे पंचवीस वर्षांचे घर नव्हे; आणि दुःख मोजले गेले ते कृतीनंतर लगेच. म्हणून त्यांवरून एवढेच म्हणता येते की आपणच रचलेला विधी निरर्थक असेलच असे नाही. तो कसा रचावा, ह्याबाबत ज्यांनी हे काम रुग्णांबरोबर वर्षानुवर्षे केले त्यांचा अनुभव अधिक उपयोगी आहे. ओन्नो व्हान डेर हार्ट ह्या डच मानसचिकित्सकाने निरोपाच्या विधींचा उपचारात उपयोग केला आणि त्यांवर लेखन केले. त्याच्या पद्धतीत विधीचा दिवस अखेरीस येतो. त्यापूर्वी बराच काळ तयारीचा असतो : गेलेल्या व्यक्तीची वा काळाची आठवण देणाऱ्या वस्तू शोधणे, तिला पत्र लिहीत राहणे, राग आणि प्रेम दोन्ही त्यात उतरवणे. त्यानंतर ते पत्र किंवा ती वस्तू पुरतात अथवा जाळतात, स्नान करतात, आणि जवळच्या माणसांबरोबर जेवतात. प्रत्यक्ष विधी थोड्या वेळाचा; पण तो थोडक्यात आटोपतो, कारण काम आधी झालेले असते.

हे सारे एका घराच्या बाबतीत कसे घडेल ते पाहू. त्यासाठी एक कल्पित कुटुंब घेऊ. मात्र भिलाई, राउरकेला किंवा बोकारोसारख्या कारखान्याच्या वसाहतीत राहिलेल्यांना ते अपरिचित वाटणार नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून एक गृहस्थ निवृत्त झाले आहेत. सव्वीस वर्षे ते एकाच क्वार्टरमध्ये राहिले. आता ते ठरावीक मुदतीत रिकामे करून नागपूरला, मुलाने घेतलेल्या सदनिकेत, जावयाचे आहे. गृहस्थांना कारखान्यात निरोप मिळाला : हार, शाल, श्रीफळ, वरिष्ठांचे भाषण. (निरोपसमारंभाबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. तो मागे राहणाऱ्यांचा विधी आहे. जाणाऱ्याने त्यात बसून ऐकावयाचे असते.) त्यांच्या पत्नीला एवढेही मिळालेले नाही. परसातील कढीपत्ता तिने लावला, दोन मुले तिने तेथे वाढविली, सासूबाई त्याच मागच्या खोलीत वारल्या. ती गप्प आहे, आणि बांधलेले सामान पुन्हापुन्हा उघडून बघते आहे.

अशा वेळी प्रथम दिवस ठरवावा. सामान गेलेले आहे आणि किल्ली अद्याप दिलेली नाही, ह्या दोहोंमधील वेळ सर्वांत योग्य. घर रिकामे असले पाहिजे; भरल्या घराचा निरोप घेता येत नाही. समजा, ट्रक सकाळी निघाला, किल्ली दुसऱ्या दिवशी द्यावयाची आहे, आणि रात्री मुक्काम शेजाऱ्यांकडे आहे. तर त्याच दिवशीची संध्याकाळ घ्यावी. वेळ अर्धा तास पुरे. माणसे फक्त त्या घरात राहिलेली. मुलगा व मुलगी दूर असतील तर त्यांनी आपापल्या आठवणी आधी चिठ्ठीवर लिहून पाठवाव्यात, म्हणजे त्या खोलीत त्या वाचता येतील.

तयारी आठवडाभर आधी सुरू होते. दोघांनी स्वतंत्रपणे एकेक कागद लिहावा. ह्या घरात काय मिळाले आणि काय सोसले, दोन्ही त्यावर यावे. केवळ गोड आठवणींचा कागद निरुपयोगी होय. गृहस्थांना कदाचित संपाच्या दिवसांतली उधारी आठवेल. बाईंच्या कागदावर सासूबाईंच्या आजारपणातील रात्री असतील, आणि त्या रात्रींत मनात आलेले, कोणाला न सांगितलेले विचारही असतील. हा कागद दुसऱ्याने वाचावा असा आग्रह धरू नये. लिहून झाल्यावर तो लिफाफ्यात घालून चिकटवून टाकावा.

संध्याकाळी सर्वांत आतल्या खोलीपासून प्रारंभ करावा आणि दाराकडे यावे. प्रत्येक खोलीत उभे राहून एकेक गोष्ट मोठ्याने सांगावी, एकच. मागच्या खोलीत बाई कदाचित म्हणतील, “अहो, इथे आई गेल्या त्या रात्री पाऊस होता.” तेवढे पुरे, त्यावर भाष्य नको. खोली सोडताना तेथील दिवा मालवावा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, आणि हे घर आता आपले राहिलेले नाही हे त्या घुमण्यानेच अधिक कळते.

नंतर परसात जावे. दोन्ही लिफाफे तेथे, शक्यतो मातीच्या जुन्या पणतीत किंवा कुंडीत, जाळावेत आणि राख कढीपत्त्याच्या मुळाशी घालावी. जाळणे नको वाटल्यास पुरावेत. ही झाली न परतणारी कृती. बरोबर नेण्याचा अंश झाडातूनच मिळतो. जुन्या कढीपत्त्याच्या बुंध्याभोवती मुळांतून फुटलेली लहान रोपे असतात. त्यांतील वीतभर उंचीचे एक रोप मुळांसह व भोवतालच्या मातीच्या गोळ्यासह उकरून काढावे, त्याची निम्मी पाने खुडावीत आणि मुळाशी ओले गोणपाट गुंडाळावे. नागपूरला पोचल्यावर ते कुंडीत लावून आठदहा दिवस सावलीत ठेवावे. पावसाळ्यात ते सहज जगते, वैशाखात अवघड. म्हणून उन्हाळ्यात घर सोडावे लागत असेल तर दोन रोपे घ्यावीत, आणि जोडीला परसातील ओंजळभर माती. रोप मेले तरी माती राहते, आणि अपशकुन झाला असे वाटण्याचे कारण उरत नाही.

अखेरीस समोरचे दार. रशियात लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी घरातील सर्वजण क्षणभर काही न बोलता बसतात. सामान बांधलेले असेल तर त्या पेट्यांवरच बसतात. ही चाल उचलण्यासारखी आहे. दोघांनी उंबरठ्याच्या आत मिनिटभर बसावे, मग उठावे, आणि कुलूप बाईंनी स्वतःच्या हाताने लावावे. सव्वीस वर्षे घर तिने राखले, तेव्हा शेवटची किल्ली तिच्याच हाताने फिरणे योग्य. आणि निघताना, त्या घराला उद्देशून तरी, ‘येतो’ म्हणू नये. शेजाऱ्यांना अवश्य म्हणावे. तेथे परत यावयाचे असते.

उत्तरार्ध नागपूरला होतो. पहिल्या आठवड्यातच एक जेवण ठरवावे, ज्यांच्याशी आता रोजचा संबंध येणार त्यांच्यासह : मुलगा, सून, मजल्यावरील शेजारी. रोप त्या दिवशी कुंडीत लावलेले असावे. व्हान डेर हार्टच्या पद्धतीतील जेवणाचे प्रयोजन हेच, की विलग होणे संपले आणि सामावणे सुरू झाले हे सर्वांसमक्ष दिसावे.

ह्यात चुका कोठे होतात? सर्वांत सामान्य चूक वेळेची. विधी होतो आणि दुसऱ्या दिवशी विसरलेले गॅसचे सिलिंडर आणावयास पुन्हा त्याच घरात जावे लागते. मग केलेला शेवट पुसला जातो. म्हणून सिलिंडर, मीटरचे वाचन, सामानाची तपासणी हे सर्व आधी; किल्ली परत करण्याचे काम शक्य तर दुसऱ्याकडून करवावे. दुसरी चूक विधी मोठा करण्याची. वीस माणसे जमली की चहा आला, चहा आला की यजमानपण आले, आणि ज्यांच्यासाठी हे चालले ते स्वयंपाकघरात अडकले. तिसरी चूक पुनरावृत्तीची. दर वर्षी स्मृतिदिन पाळणे माणसासाठी ठीक असेल. पण घराचा निरोप पुन्हापुन्हा घेणाऱ्याने तो एकदाही घेतलेला नसतो.

चौथी चूक अधिक गंभीर आहे. कागदपत्रे, पत्रे, छायाचित्रे भावनेच्या भरात जाळली जातात. नियम असा ठेवावा की विधीसाठी म्हणून जे लिहिले तेवढेच नष्ट करावयाचे. सेवापुस्तिकेची प्रत, थकबाकी नसल्याचा दाखला, भविष्यनिर्वाह निधीचे कागद ह्यांना त्या कुंडीच्या जवळही आणू नये. तसेच ज्याला अन्यायाने नोकरीवरून कमी केले आहे, किंवा ज्याचे पैसे अडले आहेत, त्याने आधी अर्ज करावा, दावा लावावा. मन शांत करण्याचा विधी त्या अन्यायाची निरवानिरव करू शकत नाही, आणि तसा प्रयत्न केल्यास शेवट खोटा वाटत राहतो.

विधी लागू पडला की नाही, हे कसे ओळखावे? त्या संध्याकाळी रडू आले की नाही, ह्यावरून नव्हे. पुष्कळांना काहीच वाटत नाही, आणि नंतर त्यांना बरे वाटते. पुढच्या दोनतीन महिन्यांतील बोलण्याकडे लक्ष द्यावे. ‘आमच्याकडे असे करतात’ ह्या वाक्यातील ‘आमच्याकडे’ म्हणजे हळूहळू नागपूर होऊ लागते. भिलाईचे उल्लेख भूतकाळात येऊ लागतात, आणि त्यांत तक्रारीबरोबर विनोदही येतो. कपाटातील शेवटचे खोके उघडले जाते. ह्याच्या उलट, एखादे खोके महिनोन्‌महिने बांधलेलेच राहिले, तर काही तरी तेथे अजून निरोपाशिवाय राहिले आहे असे समजावे, आणि ते काय आहे हे विचारावे. झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, कशातच रस न वाटणे, हे आठवडे लोटले तरी कमी होत नसेल, तर मात्र तो आजार समजून वैद्यकीय सल्ला घ्यावा. तेथे रोपाने आणि लिफाफ्याने भागत नाही.

नोकरीच्या बाबतीत रचना हीच राहते, सामग्री बदलते. कचेरीत रिकामी खोली मिळत नाही, म्हणून आपल्या मेजाचा खण ही आपली वास्तू समजावी. समारंभाच्या आदल्या दिवशी, कचेरी सुटल्यावर, तो शेवटपर्यंत रिकामा करावा. तळाशी सापडणाऱ्या जुन्या पावत्या, वाळलेले शाईचे पेन, कोणाचे तरी लग्नपत्र हे एकेक काढून पाहावे. अंश म्हणून एक वस्तू ठेवावी. शिक्षक असल्यास खडूचा तुकडा, लोहार असल्यास झिजलेली छिन्नी. लिफाफ्यातील कागद येथेही लिहावा. पण त्याखेरीज दुसरा एक कागद मागे ठेवावयाचा असतो, जो येणाऱ्या माणसासाठी आहे : कोणते कपाट अडकते, कोणत्या फायलीत काय आहे, कोणत्या गिऱ्हाइकाशी सबुरीने बोलावे. तो खणात ठेवून खण बंद करावा आणि खणाची किल्ली त्याच दिवशी देऊन टाकावी.